कलमबाई

भाजीवाल्याने "ताई, गावरान टोमॅटो" अशी हाक दिली की आपण भाव विचारतो. कलमबाई विचारतात, "कुठल्या गावचे?" भाजीवाला गडबडून मंचर म्हणतो. "मंचरचे ते ठीक. पण गावरान कशावरून?" एवढ्यावर तो पाच रुपये कमी करतो, आणि बाई गेल्यावर पाटीवरचं 'गावरान' ओल्या फडक्याने पुसतो. चिंचवडच्या त्या मंडईत सध्या नुसते टोमॅटो मिळतात.

एका लग्नात कोणीतरी त्यांना उखाण्याचा आग्रह केला होता. चांदीचं ताट, सोन्याची वाटी, असं काहीतरी ऐकायला बायका सरसावल्या. बाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चिंचवडच्या फ्लॅटवर दोघांची नावं लिहून, अमुकरावांचं नाव घेते इंडेक्स टू पाहून." टाळ्या अंमळ उशिरा पडल्या. पण त्या मांडवातल्या दोघीतिघींनी घरी गेल्यावर कपाटातली कागदपत्रं काढून बघितली, असं कानावर आहे.

चाकणच्या आमच्या कारखान्यात त्या पर्सनलला आहेत. सगळी दुनिया एचआर म्हणू लागली तरी त्या पर्सनलच म्हणतात. "मनुष्यबळ म्हणजे बैलबळासारखं वाटतं," हे त्याचं कारण. खरं नाव पगारपत्रकावर असतं. एरवी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी कलमबाई. काही विचारलं की आधी कायद्याचं कलम सांगतात म्हणून हे नाव पडलं. शिवाय खिशात कायम लाल शाईचं कलम. आणि आंब्याचं कलम करणारा माणूस आधी छाटतो, तेही यांच्या बाबतीत खरंच. त्यांच्या टेबलावर लाकडी फुटपट्टी असते. शब्द खोडायचा तर त्या पट्टी लावून खोडतात. हाताने खोडलं तर रागाने खोडल्यासारखं दिसतं, म्हणतात.

असं माणूस प्रत्येक कचेरीत एखादं तरी असतं. विशेषणांच्या जकात नाक्यावर बसलेलं. तुम्ही 'भव्य' घेऊन चाललात की ते अडवतं आणि चौरस फूट विचारतं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती 2023 च्या महिला दिनामुळे. 4 मार्च, शनिवार. साहेबांनी मला बोलावलं आणि कंपनीच्या पानावर टाकायला एका फोटोखालचा मजकूर मागितला. मी कारखान्यातला एकमेव एम.ए. मराठी, त्यामुळे दसऱ्याच्या शुभेच्छांपासून संडासातल्या सूचनांपर्यंत सगळं वाङ्मय माझंच. महिला दिनाचा मजकूर पुरुषाने का लिहायचा, हा प्रश्न कोणाला पडला नाही. बायका त्या वेळी केक कापायच्या कामात असतात. सोमवारी होळी, मंगळवारी धुळवड, बुधवारी आठ तारीख. मी तिथेच उभ्या उभ्या लिहून टाकलं: "ती माता, ती भगिनी, ती दुर्गा! आमच्या 140 रणरागिणींच्या सक्षमीकरणासाठी आम्ही सदैव कटिबद्ध. नारीशक्तीला मानाचा मुजरा!" साहेब म्हणाले, छान. फक्त कंपनीच्या दोन योजना घाल आणि आकड्यांसाठी पर्सनलला दाखव.

इथे माझी होळी दोन दिवस आधी पेटली.

बाईंनी कागद घेतला, पट्टी घेतली. माता, भगिनी, दुर्गा एकाच रेघेत गेल्या. "नाती त्यांची त्यांना घरी आहेत." रणरागिणी गेल्या. "रण कुठे आहे? आपण ब्रेकचे सुटे भाग करतो." सक्षमीकरणापाशी त्या जरा थांबल्या. मला वाटलं, हे टिकलं. "हे कोणाचं केलं, किती तारखेला?" मी गप्प. सक्षमीकरण गेलं. कटिबद्ध जाताना त्यांनी मान वर करून विचारलं, "कंबर कोणी बांधली आहे?" शेवटी कागदावर '140' एवढाच आकडा शिल्लक राहिला, आणि त्याच्याभोवती बाईंनी लाल गोल केला. तो गोल सर्वांत महागात पडणार होता. पण ते पुढे.

मी योजना सांगू लागलो. "आपण 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा देतो. ते लिहू."

"आपण देत नाही. कायदा देतो. 1961 च्या कायद्यात 12 आठवडे होते, 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 केले. तुम्ही सिग्नलला थांबता तेव्हा पेपरात फोटो देता का?"

"पण पगार तर आपण देतो ना?"

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. कोणी खुशीने चुकलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते मी प्रथमच पाहिलं. "ज्यांचा पगार 21 हजारांच्या आत आहे, त्या विमा योजनेत, ईएसआयसीत आहेत. रजेच्या काळातला त्यांचा पैसा महामंडळ देतं, आपण नाही. आणि महामंडळाकडे वर्गणी कोण भरतं? शंभरामागे सव्वातीन रुपये आपण, पाऊण रुपया ती बाई स्वतः. म्हणजे तिच्याच पाऊण रुपयावर तुम्ही तिलाच मुजरा करताय."

मी पाळणाघर काढलं. तेही कायद्यातच निघालं, एकदा नव्हे, दोनदा. तेव्हा लागू असलेल्या कारखान्यांच्या 1948 च्या कायद्याप्रमाणे तीसहून जास्त स्त्री-कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी होती. 2017 च्या दुरुस्तीप्रमाणे 50 माणसं असली तरी पाळणाघर हवं होतं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं होतं. त्यात एक वाक्य असंही होतं की, या सगळ्या सवलती प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळी लेखी कळवायच्या. बाई म्हणाल्या, "हे पत्र कोणी दिलं का, ते कधी कोणी विचारत नाही. फुगे मात्र सगळे मोजतात."

मग मला एक जबरदस्त कल्पना सुचली. "लैंगिक छळाच्या तक्रारी शून्य. हे घालू या. अभिमानाची गोष्ट आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. एवढंच केलं, पण मला घाम फुटला. "शून्याचे दोन अर्थ असतात. काही घडलं नाही, किंवा सांगायची सोय नाही. कुठला अर्थ आहे ते पानावरच्या लोकांना कसं कळणार? आधी समितीत बाहेरची सदस्य कोण आहे ते पाच जणींना विचारून या. तीन जणींनी नाव सांगितलं तर बोलू." मी जाऊन विचारलं. एकीने सांगितलं. ती समितीतच होती.

दुपारच्या चहापर्यंत माझा असा समज झाला होता की, कंपनीने बायकांसाठी काहीच केलेलं नाही. तेव्हा बाईंनी कपाटातून एक पातळ फाइल काढली. "हे लिहा," म्हणाल्या. "हे आपलं आहे."

ते 2020 चं एक परिपत्रक होतं. पानभरसुद्धा नाही. त्यामागची गोष्ट अशी. तपासणी विभागातली एक मुलगी रजेवरून परत आली. मार्चमध्ये वार्षिक श्रेणी लागल्या, तर तिची श्रेणी 'उत्तम'वरून 'साधारण'वर आली. सुपरवायझरचं म्हणणं त्याच्या दृष्टीने सरळच होतं: सहा महिने ती नव्हतीच, मग 'उत्तम' कसं देऊ? श्रेणी उतरली की पगारवाढ कमी, आणि एकदा कमी मिळालेली वाढ पुढच्या प्रत्येक वर्षाच्या हिशेबात तशीच खाली राहते. कायद्याने रजा मिळाली होती, पैसेही मिळाले होते, आणि तरी बाळंतपणाची किंमत तिने नोकरी संपेपर्यंत हप्त्याने फेडायची होती. असं प्रकरण कुठल्याही तपासनीसाला सापडत नाही, कारण कागदावर सगळं बरोबर असतं.

बाईंनी तीन ओळींचा नियम करून घेतला. श्रेणी हजर असलेल्या महिन्यांच्या कामावरच ठरेल. ती रजेच्या आधीच्या श्रेणीपेक्षा खाली जाणार नाही. पगारवाढीची तारीख पुढे सरकणार नाही. या तीन ओळींना आठ महिने लागले. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी सहज विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?" त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी 12 आठवडे होते. परत आले तर माझ्या टेबलावर झेरॉक्स मशीन होतं." आणि फाइल बांधू लागल्या. गाठ नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली होती.

आता नियम होता, पण नियमाचा उपयोग कोणाला झाला हा प्रश्न उरला. बाईंनी मस्टर काढलं. तीन वर्षांत सात जणींनी रजा घेतली. पाच परत आल्या. त्यांपैकी चार आजही आहेत. मार्केटिंगचा एक तरुण तिथे चहाला आला होता, त्याने मोबाइलवर भागाकार केला. "एकाहत्तर टक्के! मस्त आकडा आहे, मोठ्या अक्षरांत टाकू." बाई म्हणाल्या, "सात माणसांची टक्केवारी काढायची नसते. नावं विचारायची असतात." आणि ज्या दोघी परतल्या नव्हत्या त्यांना त्यांनी तिथूनच फोन लावला. एकीच्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली होती. दुसरी म्हणाली, "मॅडम, पाळणाघर होतं हो, पण सात महिन्यांचं पोर घेऊन राजगुरुनगरहून कंपनीच्या बसने येणार कसं? बसायला जागाच मिळायची नाही." बाईंनी ते टिपून घेतलं. पाळणाघराचा विचार करताना बसचा विचार कोणी केला नव्हता. खोली आहे की नाही ते कायदा बघतो. खोलीपर्यंत पोर येतं की नाही ते मस्टरवरच दिसतं.

पुढची अडचण फोटोची. मार्केटिंगला हसरी कामगार स्त्री हवी होती. हातात मेंदी, हिरव्या बांगड्या, मागे यंत्र. बाई म्हणाल्या, "यंत्रावर बांगड्या घातल्या तर सेफ्टीवाला आत येऊ देत नाही. फोटो काढाल आणि अपघाताचा पुरावाही तयार कराल."

तपासणी विभागातल्या एका ताईंना विचारायचं ठरलं; रजेवरून परतून आजही कामावर असलेल्या चौघींपैकी त्या एक. मी आधीच त्यांची गोष्ट मनात लिहून ठेवली होती: उराशी स्वप्नं, डोळ्यांत जिद्द. बाईंनी मला सोबत नेलं, पण बोलू दिलं नाही. त्यांनी ताईंना खाली बसवलं, सुपरवायझरला लांब पाठवलं आणि सांगितलं: हे सगळं जग वाचणार, तुमच्या गावातसुद्धा. नाही म्हणालात तर काही बिघडत नाही, कोणी कारण विचारणार नाही. हो म्हणालात आणि नंतर नको वाटलं तर सांगा, त्याच दिवशी काढू. लिहिलेलं आधी तुम्हाला वाचून दाखवू, मराठीत.

ताईंनी विचार केला. "नाव नको. चेहरा नको. दिराचं लग्न ठरतंय, उगाच चर्चा." मग स्वतःच म्हणाल्या, "हाताचा काढा. प्लग गेज धरलेला. तो हात मी कुठेही ओळखीन, दुसरं कोणी ओळखणार नाही."

मी न राहवून विचारलं, "ताई, कंपनीने तुमच्या स्वप्नांना बळ दिलं, असं म्हणता येईल?"

"स्वप्नं कसली, दादा? झोपच नव्हती."

त्यांनी सांगितलं ते असं. पाळणाघर जिन्याखालीच आहे. चार वेळा जाता येतं म्हणतात, पण लाइन थांबते, म्हणून दोनदाच जमतं. पहिला महिना बाळ रडायचं, त्याही रडायच्या. तपासणीच्या टेबलावर मऊ फडकं असतं, ते गेजसाठी असतं, त्यानेच डोळे पुसायच्या. श्रेणी 'उत्तम'च राहिली. मी 'चार वेळा' लिहिलं होतं. बाईंनी पट्टी लावून 'दोनदा' केलं.

आता तो लाल गोल. "एकशे चाळीस म्हणजे पटावर किती?" बाईंनी विचारलं. कायम कामगार 58 होत्या. बाकी 82 ठेकेदाराच्या. गणवेश तोच, फाटक तेच, फक्त पगारपत्रक वेगळं. पाळणाघर सगळ्यांना खुलं होतं. श्रेणीचा नियम मात्र 58 जणींनाच लागू, कारण ठेकेदार श्रेणी देतच नाही. "हे लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. "नाहीतर 140 म्हणायचं नाही. फुलं देताना एकशे चाळीस आणि नियम देताना अठ्ठावन्न, असा पाढा मला येत नाही."

सोमवारी दुपारी, बाहेर गोवऱ्या रचल्या जात असताना, आम्ही साहेबांसमोर बसलो. साहेब वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "महिला दिनाच्या दिवशी आपण काय नाही ते कशाला सांगायचं? हा पंचनामा वाटतोय."

तेव्हा मार्केटिंगच्या त्याच तरुणाने, कुठून सुचलं देव जाणे, आदल्या वर्षीची ब्रिटनमधली गोष्ट सांगितली. तिथे 250 आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत 2017 पासून जाहीर करावी लागते. 'जेंडर पे गॅप बॉट' नावाचं ट्विटरवरचं एक खातं 2022 च्या महिला दिनी फक्त एवढंच करत बसलं: एखाद्या कंपनीने शुभेच्छा टाकल्या की त्या पुन्हा टाकून सोबत त्याच कंपनीने सरकारला दिलेला तफावतीचा आकडा टाकायचा. टीका नाही, टोमणा नाही, नुसता आकडा. अनेक कंपन्यांनी आपल्या शुभेच्छा गुपचूप काढून टाकल्या.

साहेब घाबरून म्हणाले, "आपल्याकडे तसलं काही नाही ना?"

खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच कलमबाईंकडे पाहिलं. त्या पुरणपोळीचा डबा पिशवीत नीट ठेवत होत्या.

"जाऊ दे तसंच," साहेब म्हणाले.

आठ तारखेला पानावर गेलं ते असं:

"आमच्या कारखान्यात 140 स्त्रिया काम करतात: 58 कायम, 82 ठेकेदारामार्फत. गेल्या तीन वर्षांत कायम कामगारांपैकी सात जणींनी बाळंतपणाची रजा घेतली. पाच परत आल्या, चार आज कामावर आहेत. रजा कायद्याने मिळते. आम्ही 2020 मध्ये एवढंच ठरवलं की, रजेमुळे कोणाची श्रेणी उतरणार नाही आणि पगारवाढ लांबणार नाही. ठेकेदाराकडच्या स्त्रियांना हा नियम अजून लागू नाही. पाळणाघर सर्वांना खुलं आहे, सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसात. फोटोतला हात तपासणी विभागातल्या एका सहकारी स्त्रीचा आहे. त्या सांगतात: 'पाळणाघर जिन्याखाली आहे, म्हणून दिवसातून दोनदा बाळाला पाजून येते. पहिला महिना ते रडायचं, मीपण.'"

आदल्या वर्षीच्या दुर्गेला नऊशे लाइक होते. या हाताला दुपारपर्यंत त्रेचाळीस आले, त्यातले बरेचसे कारखान्यातलेच. एका दुसऱ्या कंपनीच्या माणसाने 'ती तीन ओळींची पॉलिसी मिळेल का?' असं खाली विचारलं. ठेकेदाराकडच्या चार जणी पाळी सुटल्यावर पर्सनलच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांना पाळणाघर आपल्यालाही आहे हे त्या मजकुरातूनच कळलं होतं. वर्षभर कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी बघितलं, कलमबाईंनी लाइक केलं नव्हतं. मला जरा वाईटच वाटलं. तेवढ्यात त्यांचा मेसेज आला: "पाळणाघर साडेसातपर्यंत लिहिलं आहे. आत्ता सात वाजून दहा मिनिटांनी मी दारात उभी आहे. कुलूप आहे. एकतर कुलूप काढा, नाहीतर वाक्य."